पान चौदावरची मोकळी जागा

बोरी अरब
रविवार, ५ जानेवारी

चि. अर्पिता,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने लिहीत बसत नाही. हे पत्र लिहायचं कारण म्हणजे तू माझा फोन उचलत नाहीस. आईचा उचलतेस. परवा मी तिच्याच फोनवरून केला, तर मी "हॅलो" म्हणेपर्यंत तुझ्याकडून "बोल ना आई" असा गोड आवाज, आणि माझं "हॅलो" ऐकल्याबरोबर फोन बंद. एका शब्दात बाप ओळखलास याचा आनंद मानावा की काय करावं, हे अजून ठरलेलं नाही. पोस्टमन मात्र पत्र ऐकून बंद करू शकत नाही, म्हणून हा मार्ग.

आता मुद्द्याचं. तू बडोद्याहून पाठवलेलं तुझ्या चित्रकथेचं पार्सल मला डिसेंबरात मिळालं. चाळीस पानं, जाड कागद, वर तुझी चिठ्ठी. "बाबा, पुस्तक १५ फेब्रुवारीला छापायला जातंय. त्याआधी तुम्ही वाचावं असं वाटतं. पान चौदा नीट बघा आणि मग काय वाटतं ते सांगा." तू नोकरी सोडून चित्रकलेला गेलीस त्याला नऊ वर्षं झाली. त्या नऊ वर्षांत तू मला सरळ लिहिलेल्या या तीन ओळी. मी चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवली आहे. हे आईला माहीत नाही, तू सांगू नकोस.

मी पुस्तक वाचलं. अठरा मिनिटं लागली. चार वर्षं तू त्यात घातलीस असं आई म्हणते, पण त्यात लिहिलेलं इतकं कमी आहे की माझा इलाज नव्हता. पान नऊवर अख्ख्या पानात "हं" एवढाच मजकूर आहे. पान बावीस तर कोरं, म्हणजे चित्रं आहेत, पण वाचायला काही नाही. चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाने त्याला गुण कुठून द्यायचे? तरी अक्षराचे आठ दिले.

एक गोष्ट मात्र आवडली. चित्रांच्या चौकटींमध्ये तू पांढऱ्या पट्ट्या मोकळ्या सोडल्या आहेस. गुरुजींना शेरे लिहायला जागा सोडावी, ही आमच्या शाळेची शिस्त तू विसरली नाहीस. मी तिचा पुरेपूर उपयोग केला. एकसष्ट ठिकाणी दोन चित्रांमधली वाक्यं गळली होती, ती सगळी लाल पेनाने भरून दिली, आणि नेहमीच्या सवयीने त्यांची यादीही वहीत उतरवून ठेवली. पान चौदा तू सांगितल्याप्रमाणे नीट बघितलं. तिथलंही गळलेलं भरलं. शेवटी शंभरपैकी एक्केचाळीस गुण आणि "प्रयत्न चांगला" असा शेरा देऊन आठव्या दिवशी पार्सल परत केलं.

तेव्हापासून तू गप्प आहेस. गुण कमी वाटत असतील तर तसं सांग, फेरतपासणीची सोय आहे.

तुझी आई चौथी शिकलेली. तिने ती पानं तीन संध्याकाळी पुरवून पाहिली. एकेका पानावर दहा-दहा मिनिटं बसायची. मी म्हटलं, अगं, तिथे चारच शब्द आहेत, किती वेळ वाचतेस? तर म्हणाली, "तुमी वाचलं. मी पाह्यलं." आणि पान उलटलं. तिच्या बोलण्यात आजकाल फार कमी मजकूर असतो.

उत्तर लिही. पोस्टकार्ड चालेल.

तुझा,
बाबा
(वामनराव, निवृत्त सहायक शिक्षक, मराठी)


बोरी अरब
रविवार, १९ जानेवारी

चि. अर्पिता,

पोस्टकार्ड आलं नाही. पोस्टात जाऊन दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्यांनीच मला लांबून बघून मान हलवली.

इकडे एक भानगड झाली आहे. शाळेत शनिवारी पोरं दप्तर न आणता येतात, आणि त्या दिवशी चित्रं, गाणी, गोष्टी असलं काही तरी चालतं. नवीन चित्रकलेच्या बाई आल्या आहेत, ममता मॅडम. वय तुझ्याएवढंच. त्यांनी शाळेसाठी चित्रकथांची पुस्तकं मागवली आणि मोठ्या आवाजात वाचून दाखवायला मला बोलावलं. मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सातवीची एकोणतीस पोरं. पुस्तक उघडलं आणि वाचायला लागलो. "पान एक. अरे. पान दोन. धप्प. पान तीन. आई गं." तीन पानं संपेपर्यंत वर्ग लोळत होता. निवृत्त झाल्यावर आपला दरारा किती राहतो, ते त्या दिवशी कळलं.

चौथ्या पानावर माणसं बोलत होती, म्हणून मी सावरून बसलो. त्या पानावर सहा चौकटी, दोनदोनच्या तीन ओळी. मी डाव्या बाजूच्या तिन्ही आधी वाचल्या, वरून खाली, आणि मग उजव्या बाजूच्या. हजेरीपट असाच वाचतात. प्रेरणा नावाची एक मुलगी पहिल्या बाकावर बसते, ती उभी राहिली आणि अदबीने म्हणाली, "सर, तो मानूस आंधी जेवते, मंग विहिरीत पडते. तुमी त्याले पडल्यावर जेवू घातलं."

मग ममता मॅडमनी खडू हातात घेतला आणि मी बाकावर बसलो. खरंच बसलो, शेवटच्या, गुडघे वर करून. तुला हे सगळं माहीत असणार, पण मी शिकलो ते मला सांगू दे. त्यांचं म्हणणं, पान वाचायच्या आधी पाहायचं. डोळा आधी अख्खं पान एकदम घेतो, कुठली चौकट मोठी, कुठे काळोख, कुठे मोकळं, आणि मग डावीकडून उजवीकडे, ओळ संपली की खालच्या ओळीवर. एका चौकटीत दोघं बोलत असतील तर ज्याच्या बोलण्याचा फुगा वर आणि डावीकडे, तो आधी बोलला. म्हणून चित्र काढणाऱ्याला कोण आधी बोलणार हे ठरवून मगच माणसं उभी करावी लागतात. आयत्या वेळी पात्रं हलवता येत नाहीत, नाटकात येतात तशी.

चौकटीच्या आकारात वेळ असतो, हे मला सगळ्यात आवडलं. मॅडमनी फळ्यावर तीन अरुंद चौकटी काढल्या: पाय, पाय, दार. पोरं म्हणाली, पळून राह्यला. मग तेच पाय, तेच दार, पण एकाच लांबलचक चौकटीत, मधे सगळं अंगण. पोरं म्हणाली, याले जायचं जिवावर आलं. पाय तेच. मी वहीत लिहून घेतलं.

मग त्यांनी पुस्तकातल्या सगळ्या फुग्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि म्हणाल्या, आता गोष्ट सांगा. पोरांनी घडाघडा सांगितली. बाई कोणाकडे बघते आहे, भांडं कुठे होतं आणि आता कुठे आहे, मागच्या खिडकीतली सावली कशी सरकली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, एक बाई आहे. पुढे मला काही दिसेना. मी चित्रांकडे नजर टाकत होतो आणि ती शब्द शोधून परत येत होती. पोरांनी सांभाळून घेतलं. सेवादास नावाचा पोरगा म्हणाला, "होते, सर. माह्या आबालेबी असंच होते." त्याचा आबा मोतीबिंदूचा आहे.

घरी आल्यावर मला पान बावीस आठवलं. चित्रं होती. कोणती होती, ते आठवेना. ते पान मी पाहिलंच नव्हतं, अर्पिता. त्यावर लाल पेनाने "मजकूर?" असं मात्र मी लिहिलं आहे.

एक्केचाळीस गुण सध्या तहकूब समज.

बाबा


बोरी अरब
रविवार, २ फेब्रुवारी

चि. अर्पिता,

आज माफी मागायची आहे, पण ती मागायची सवय नसल्यामुळे जरा लांबून येतो. मधे उठून जाऊ नकोस.

कालच्या शनिवारी मॅडमनी दोन कागद आणले. पहिल्यावर खुंटीला बांधलेली बकरी, शेजारी तुरीचं हिरवंगार शेत. दुसऱ्यावर तीच खुंटी, तुटलेलं दावं, आणि तुरीचे नुसते खराटे. दोन्ही फळ्यावर शेजारी लावले आणि विचारलं, काय झालं? वर्ग एका सुरात ओरडला, बकरीने तूर खाल्ली. मॅडम म्हणाल्या, खाताना कुठे दाखवली आहे, बोट ठेवा. सेवादास उठला, फळ्यापाशी गेला, या कागदावर बघितलं, त्या कागदावर बघितलं आणि दोन्हींच्या मधे, रिकाम्या फळ्यावर बोट ठेवलं. म्हणाला, "इथं. मी पाह्यली ना, सर. तुमीबी पाह्यली." मी पाहिली होती. कचाकचा खाताना पाहिली होती.

मग त्यांनी कागदांची अदलाबदल केली. आधी खराटे आणि तुटलेलं दावं, नंतर बांधलेली बकरी. आता पोरं म्हणाली, मालकाने बकरी पकडून आणली आणि परत बांधली, मागे दुसऱ्याचं शेत दिसते. चित्रात रेघ बदलली नव्हती. नुसता क्रम बदलला तर गुन्ह्याच्या जागी शिक्षा आली. मग दोघांच्या मधे तिसरा कागद लावला, त्यावर नुसती एक काठी. एक मुलगी म्हणाली, मारली तिले. काठी कोणाच्या हातात नव्हती. बकरीला कोणी हात लावला नव्हता. ती मारली आम्ही, तिथे बसून.

मॅडमनी तेव्हा सांगितलं, ही जी दोन चौकटींमधली मोकळी पट्टी असते, तिच्यात गोष्ट घडते. काढणारा दोन क्षण दाखवतो आणि मधला वाचणाऱ्यावर सोडतो. पट्टी अरुंद असेल तर आपण चटकन उडी मारून जातो, पापणी लवल्यासारखं. रुंद असेल तर थांबतो, आणि काय झालं असेल याचा विचार करायला लागतो. म्हणून चांगला चित्रकार पट्टी रुंद ठेवतो ती उगाच नाही, कुठे थांबवायचं ते ठरवून ठेवतो. ती कधी भरायची नसते, म्हणाल्या.

मी मागच्या बाकावर होतो. मला घाम फुटला, आणि फेब्रुवारी नुकता लागला आहे.

तास सुटल्यावर मी त्यांना विचारलं, समजा, एखाद्याने अशा पट्ट्या भरल्या तर? पेनाने? मॅडम हसल्या, कुणी भरल्या? मी म्हटलं, आमच्या नात्यातले एक गृहस्थ आहेत. किती? म्हटलं, एकसष्ट. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. लाल पेनाने का, असं त्यांनी विचारलं, आणि त्यांना ते कसं कळलं ते मला अजून समजलेलं नाही.

तर अर्पिता, ती जागा शेऱ्यांसाठी नव्हती. मी तुझ्या पुस्तकात एकसष्ट वेळा वाचणाऱ्याचं तोंड दाबून स्वतः बोललो. बकरी दिसली की ओरडलो, खाल्ली, खाल्ली. माझं चुकलं. हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं आणि तिसऱ्यांदा ते ठीक दिसलं.

आईला हे सांगितलं तेव्हा ती तुरीच्या दाण्यांची उसळ करत होती. ती म्हणाली, "पोरीनं पान चौदा पाहा म्हटलं होतं. तुमी तिथं काय भरलं?"

मी म्हटलं, एकसष्टांतलं एक काय लक्षात राहतं. ती मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, आणि उसळ बुडाला लागली.

पुस्तक जायला तेरा दिवस आहेत. तू बोलत नाहीस ते लाल पेनामुळेच ना? तेवढंच असेल तर मी काय लागेल ते करायला तयार आहे. तेवढंच असेल ना?

बाबा


बोरी अरब
रविवार, ९ फेब्रुवारी

चि. अर्पिता,

काल मी पान चौदा वर्गात नेलं.

तू आईच्या फोनवर पुस्तकाची स्वच्छ प्रत पाठवली आहेस, ते मला माहीत नव्हतं. आईने न विचारता ते पान माझ्यासमोर धरलं. मी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याच्या पाच मोठ्या प्रती काढल्या. वर्गाला तुझं नाव सांगितलं नाही, गावही सांगितलं नाही. मी स्वतः फळ्यापाशी उभा राहिलो. शिकवायला नव्हे, मला पोरांकडून ते पान पाहून घ्यायचं होतं. मला एकट्याला अजून भरवसा नाही.

पोरांनी पाहिलं ते असं. सहा चौकटी. पहिली चार चित्रं एकाच खोलीची, एकाच जागेवरून पाहिलेली: खाट, दार, भिंतीवर घड्याळ. पहिल्यात मुलगी रिबीन बांधते. दुसऱ्यात रंगांची पेटी पिशवीत घालते. तिसऱ्यात आई डबा देते. चौथ्यात मुलगी आणि बाप दारातून बाहेर पडतात, आणि घड्याळात साडेसहा. दारावर खडूने लिहिलेलं, "यवतमाळ गाडी ७.०५". प्रेरणा म्हणाली, खोली हलतच नाही, म्हणून आपण फक्त मुलगीच कशी हलते ते पाहतो, तिला लय घाई आहे. दुसरी म्हणाली, बाप चारही चित्रांत आहे पण त्याचं तोंड एकातही दिसत नाही. एकदा पाठ, एकदा पेपर, एकदा चौकटीने कापलेलं डोकं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग चार बोटं रुंद पांढरी पट्टी. बाकी सगळ्या पट्ट्या एका बोटाच्या.

मग पाचवी चौकट. रिकामा स्टँड, धूळ, लांब रस्त्यावर गाडीची पाठ, नखाएवढी. सहाव्या चौकटीला कडाच नाहीत. मुलगी पिशवी छातीशी धरून उभी, आणि भोवतीचा पांढरा रंग कागदाच्या टोकापर्यंत गेलेला. या दोन्ही चौकटींत अक्षर एकही नाही.

मी विचारलं, पट्टीत काय झालं? घरापासून स्टँड दहा मिनिटांवर आहे असं धरा. साडेसहाला निघाले, सात पाचची गाडी, आणि ती गेलेली.

पोरं भांडली. सेवादास म्हणाला, गाडी टाइमाच्या आंधी सुटली, असं होते, माही दोनदा सुटली. कोणी म्हणालं, वाटेत बापाला कोणी भेटलं असेल, मोठी माणसं बोलत बसतात. कोणी म्हणालं, मुलीची चप्पल तुटली. एकाने बापाला वाटेत चक्कर आणली, फार दयाळू मुलगा. मी सगळं फळ्यावर लिहीत होतो. दहा कारणं झाली.

मी विचारलं, घड्याळ चुकीचं असेल तर? सेवादास म्हणाला, सेल संपला असेल. ते अकरावं लिहिलं. मी म्हटलं, आणि समजा बापानेच मागे केलं असेल तर?

कोणी हसलं नाही. प्रेरणा म्हणाली, "कोनता बाप असं कायले करीन, सर? तिले तं चित्रं काढाले जायचं होतं."

मी बारावं कारण फळ्यावर लिहिलं नाही.

घरी येऊन वही काढली. पान चौदा, नोंद क्रमांक तेवीस. माझ्याच अक्षरात: "येथे वाक्य गळले आहे. भरावे: बाबांनी त्या सकाळी घड्याळ अर्धा तास मागे केले होते."

आता पुढे लिहिता येत नाही.

बाबा


बोरी अरब
बुधवार, १२ फेब्रुवारी

अर्पिता,

हे पत्र मी कागदावरच लिहितो आहे, पण आई त्याचा फोटो काढून तुला पाठवणार आहे. पोस्टाला वेळ नाही.

तू काल आईला लिहिलंस ते तिने मला वाचून दाखवलं. पुस्तक शनिवारी जातंय. मला विचारायला सांगितलंस, पान चौदा कसं छापू, मोकळं की लाल. एवढंच विचारलंस. तू मला ओरडली असतीस तर सोपं गेलं असतं.

तर ऐक. तू चित्रात घड्याळ साडेसहा दाखवलंस कारण तुला तेवढंच माहीत होतं. माझा हात तू कुठेही काढला नाहीस. तुला शंका होती का, किती वर्षं होती, मला माहीत नाही. तू ती जागा चार बोटं रुंद ठेवलीस आणि माझ्याकडे पाठवलीस. आणि मी एखाद्या शहाण्यासारखा बसून, पेन उघडून, उत्तर लिहिलं. वीस वर्षं कोणाला न सांगितलेली गोष्ट मी चुकांच्या यादीत घातली. बाविसाव्या आणि चोविसाव्या नोंदीच्या मधे. लिहिताना मला काही वाटलंही नाही. बकरी दिसली आणि मी ओरडलो, खाल्ली म्हणून. फक्त या वेळी मला ती कशी खाल्ली ते ठाऊक होतं.

कसं केलं ते आता पूर्ण सांगतो, कारण तुझ्या चित्रात ते नाही. तू जिल्ह्याच्या चित्रकला स्पर्धेला जाणार होतीस, तालुक्यात पहिली आलेली. मी पहाटे पाचला उठलो, खुर्ची घेतली, मोठा काटा मागे फिरवला. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं. स्टँडवर तुझ्यासमोर मी आगारातल्या लोकांना नावं ठेवली, वेळेच्या आधी गाडी सोडतात म्हणून. माझ्या आवाजात राग होता. तो खरा वाटावा म्हणून मी मेहनत घेतली होती. दुपारी तू झोपलीस तेव्हा काटा परत पुढे केला.

आईला तेव्हाच कळलं होतं. काल म्हणाली. सकाळी रेडिओवरच्या सातच्या बातम्या संपल्या आणि आपलं घड्याळ पावणेसात म्हणत होतं, तेव्हा तिच्या लक्षात आलं. तोवर आपण दारातून गेलो होतो. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मी वाट पाहून राह्यली होती. मले वाटे, तुमी सांगसान." इतकी वर्षं ती तेवढी जागा मोकळी ठेवून माझ्यासोबत संसार करत होती, आणि मला तिच्या बोलण्यात मजकूर कमी वाटायचा.

आता पान कसं छापायचं ते. तुला रविवारचं पत्र अजून मिळालं नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. मी ते पान मोकळं ठेवून एकोणतीस पोरांना दाखवलं. त्यांनी गाडीला दोष दिला, चपलेला दिला, सेलला दिला. मी स्वतः सुचवलं तरी कोणी मानलं नाही. जागा मोकळी राहिली तर वाचणारा प्रत्येक माणूस मला सोडून देईल. तो बिचारा चांगला असतो, बापाबद्दल तो असं काही मनात आणणार नाही. मोकळी पट्टी गोष्टीसाठी चांगली, हे मला आता कळतं. आणि मी त्यातून सुटू शकतो, हेही कळतं.

म्हणून बाकीची साठ वाक्यं पुसून टाक. ती निव्वळ मूर्खपणाची आहेत. पान बावीस मी काल पाहिलं, एक तास पाहिलं, तिथे शब्द आला असता तर ते पान मेलं असतं. पण चौदावरचं लाल राहू दे. माझ्याच अक्षरात, होतं तिथेच, चार बोटांच्या जागेत. सहाव्या चौकटीतल्या मुलीला जे कोणी सांगितलं नाही, ते निदान तिच्या शेजारी लिहिलेलं असावं. नाव घालायचं तर घाल. गावात लोक विचारतील, मी सांगेन. ममता मॅडमना मी आधीच सांगितलं, नात्यातले गृहस्थ कोण ते. प्रेरणाला अजून सांगितलेलं नाही. येत्या शनिवारी सांगायचं आहे, आणि त्याची मला तुझ्या आईपेक्षा जास्त धास्ती आहे.

गुण देत नाही. तो अधिकार माझा नव्हताच.

प्रेरणाने विचारलं होतं, कोणता बाप असं कशाला करेल. तिला सांगायच्या आधी तुला सांगतो. यवतमाळला तू हरशील अशी मला भीती नव्हती, अर्पिता. तुझी चित्रं मी तुझ्या नकळत वहीतून काढून पाहत असे. तू जिंकणार हे मला त्या सकाळी पाच वाजता, खुर्चीवर उभा असताना पक्कं माहीत होतं. जिंकलीस की तू घरातून जाशील. म्हणून काटा फिरवला.

तुझा बाप